गौरीला खो कसा द्यायचा?

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, अनेक शाळांत एक नाटुकलं होतं. कमी ऐकू येणारी मुलगी कोपऱ्यात एकटी बसलेली असते. दोन मुलं तिला चिडवतात. मग बाई येतात, त्या मुलांना समज देतात, मुलं माफी मागतात आणि शेवटी सगळे हात धरून गाणं म्हणतात. पाहणाऱ्या मुलांना यातून एवढं कळतं की कोणाला चिडवू नये. ते त्यांना आधीही माहीत होतं. पण उद्या मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खायचा तर कुठे बसायचं, तिला हाक कशी मारायची, तिला कळलं नाही तर काय करायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

मला वाटतं, चूक इथेच होते. कमी ऐकू येणारं मूल वर्गात एकटं पडतं ते बहुतेक वेळा चिडवण्यामुळे नाही. मुलं घास तोंडात ठेवून बोलतात, पाठमोरं बोलतात, एकाच वेळी चौघं बोलतात, आणि तिने विचारलं की "जाऊ दे, काही नाही" म्हणून मोकळी होतात. यातल्या एकाही मुलाच्या मनात वाईट नसतं. म्हणूनच उपदेशाचा उपयोग होत नाही. बदलायच्या आहेत त्या सवयी, आणि सवय रंगमंचावर करून दाखवता येते.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी मी लिहिलेलं असंच एक छोटं नाटुकलं इथे उलगडून दाखवते. दहा मिनिटांत होतं. गौरी, आदिती, सोहम, यश आणि बाई ही बोलणारी पात्रं. खो-खोच्या प्रवेशासाठी आणखी पाच-सहा मुलं लागतात. सामान म्हणजे डबे, एक पाटी, एक शिट्टी.

पहिला प्रवेश मधल्या सुट्टीचा.

(मुलं डबे उघडून बसली आहेत. गौरीच्या कानामागे श्रवणयंत्र आहे. विंगेतून मुलांच्या गलक्याचा आवाज.)

सोहम : काल आमच्या आजोबांनी काय केलं माहितीये?

(पुढचं वाक्य तो मान खाली घालून, तोंडापुढे हात धरून पुटपुटतो. प्रेक्षकांना ते ऐकू येत नाही. गौरी सोडून सगळे खदखदून हसतात. त्यांच्याकडे बघून गौरी जरा उशिरा हसते.)

गौरी : काय केलं आजोबांनी?

आदिती : अगं, काही नाही. जाऊ दे.

गौरी : सांग ना.

यश : नंतर सांगतो. एवढं काही खास नव्हतं.

(गौरी प्रेक्षकांकडे वळते.)

गौरी : तुम्हाला तरी कळलं का?

प्रयोगात इथे थोडं थांबायचं. समोर बसलेली मुलं "नाही!" म्हणून ओरडतात, शेजाऱ्याला विचारतात, काही जण उठून उभी राहतात. विनोद त्यांचाही हुकलेला असतो. इथे कोणाच्याही कानात कापूस घालायला लावलेला नाही. बहिरेपणाची नक्कल करायला लावणारे खेळ मला पटत नाहीत. पाच मिनिटं कान बंद करून मुलाला फक्त घाबरल्यासारखं होतं आणि मग तो त्या मुलीची कीव करायला लागतो. गौरी तर लहानपणापासून तशीच वाढलेली असते, तिच्या जवळ तिच्या युक्त्या असतात. प्रेक्षकांना अनुभव द्यायचा तो बहिरेपणाचा नाही, वगळलं जाण्याचा. सगळे हसले आणि मला कोणी सांगितलं नाही, एवढाच.

गौरीचं उशिरा हसणंही मुद्दाम घातलं आहे. कमी ऐकू येणारी मुलं हे फार करतात. इतरांचे चेहरे बघून हसायचं, इतरांच्या माना बघून मान हलवायची. त्यामुळे शिक्षकांना आणि मित्रांना वाटतं, हिला सगळं कळतंय.

प्रवेश पुढे चालू राहतो.

(सोहम उठून गौरीच्या कानाशी तोंड नेतो आणि जोरात ओरडतो.)

सोहम : आजोबांनी ना—

गौरी (कानावर हात ठेवून) : अरे, ओरडू नकोस! दुखतं. समोर ये. आधी घास गीळ.

(सोहम घास गिळतो, गौरीच्या समोर बसतो. तिच्या खांद्याला हलकेच हात लावतो. तिने बघितल्यावरच बोलतो.)

सोहम : आजोबांनी नैवेद्याची भाजी आधी स्वतःच चाखली. आणि आजीला म्हणाले, "देवाला मीठ कमी वाटतंय!"

(आता गौरीही हसते, आणि प्रेक्षकही.)

सोहमने ओरडल्याने काम का बिघडलं, हे पाहणाऱ्या मोठ्यांनाही ठाऊक नसतं. श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं. चष्मा लावला की बहुतेकांना अक्षर लख्ख दिसतं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात त्यांचं नुकसान झालेलं असलं तर मोठा आवाजही अस्पष्टच पोचतो. त्यात बोलण्यातले सगळे आवाज सारखे नसतात. आ, ओ, ऊ हे स्वर दणकट असतात, तर स, श, च, थ यांसारखी व्यंजनं बारीक आणि हलकी. पुष्कळ मुलांना नेमके हे बारीक आवाज हुकतात. कोणीतरी बोलतंय हे त्यांना कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात. शिवाय यंत्राला आवाजाची एक कमाल मर्यादा घातलेली असते. त्यापलीकडचा आवाज दाबला जातो आणि आणखी फाटका येतो. ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, ते वेगळंच. आणि कानाशी गेल्यावर तर तोंड दिसतच नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. वर्गात मात्र पंखा, बाक सरकवणं, शेजारच्या वर्गातले पाढे हे सगळं तसंच राहतं. यंत्र बाईंचा आवाज आणि पंख्याचा आवाज दोन्ही वाढवून देतं. म्हणून साधारण तीन-चार फुटांवरून, समोरून, नेहमीच्या आवाजात बोललेलं सगळ्यात चांगलं पोचतं. तालमीत मुलांना हे अंतर खडूने आखून दिलं की भाषणाची गरज उरत नाही. सोहमला ठाऊक असतं, खडूच्या रेषेच्या आत यायचं आणि खांद्याला हात लावून नजर मिळेपर्यंत थांबायचं.

दुसरा प्रवेश सगळ्यात छोटा, आणि मला सगळ्यात आवडता.

(शाळा सुटली आहे. मुलं दप्तरं घेऊन निघाली आहेत. यश लांबून, चालता चालता मान वळवून ओरडतो.)

यश : गौरी, उद्या कार्यानुभवाला माती आणायची हं!

(गौरी मान हलवते. मुलं रंगमंचाला एक फेरी मारून येतात. दुसरा दिवस. सगळ्यांच्या हातात मातीच्या पिशव्या. गौरीच्या हातात पाटी.)

यश : अगं, माती सांगितली होती! आणि तू मान हलवलीस की.

गौरी : मला पाटी दिसली.

यश : दिसली म्हणजे?

गौरी : तुझ्या ओठांवर. थांब. (प्रेक्षकांना) आता यश आवाज न काढता एक शब्द बोलेल. पाटी की माती, तुम्ही सांगा.

(यश आवाज न काढता दोन-तीनदा बोलतो. प्रेक्षक ओळखण्याचा प्रयत्न करतात.)

सभागृहात दोन तट पडतात. अर्धी मुलं पाटी म्हणतात, अर्धी माती. यशने कोणताही शब्द घेतला तरी तेच होतं. घरी आरशासमोर उभं राहून बघा. प, ब, भ, म ही अक्षरं म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक असतो तो नाकातून किंवा घशातून येणाऱ्या आवाजात, आणि तो बाहेरून दिसत नाही. ट आणि त यांच्यात जीभ कुठे टेकते एवढाच फरक, तोही दातांच्या आड. क, ख, ग, घ तर घशाजवळच होतात, ओठांना त्यांचा पत्ताही नसतो. मामा, बाबा आणि पापा ओठांवर एकच.

"ओठ वाचता येतात ना तिला?" असं पालक आणि शिक्षक सहज म्हणतात. ओठांवरून थोडं कळतं, बाकीचं अर्धवट ऐकू आलेल्यावरून, विषयावरून, अंदाजाने जुळवायचं असतं. दिवसभर हे करून मूल थकतं. शेवटच्या तासाला गौरीचं लक्ष नाही अशी तक्रार आली तर त्यामागे पुष्कळदा हा थकवा असतो.

पाटी हातात घेतलेल्या गौरीला प्रेक्षक आधी हसतात. हसू द्यावं. पुढच्या मिनिटात ते स्वतः तीच चूक करतात आणि हसणं आपोआप थांबतं. बाईंनी मध्ये येऊन दटावलं तर हा सगळा डाव वाया जातो, म्हणून या प्रवेशात बाई नाहीतच.

या प्रवेशातून मुलं दोन सवयी घेऊन जातात. गौरीला कळलं नाही तर तेच वाक्य तसंच चार वेळा म्हणायचं नाही, शब्द बदलायचा. "माती, कुंभाराकडे असते ती" असं म्हटलं की काम झालं. दुसरं, "समजलं का?" असं विचारायचं नाही. त्यावर कोणीही मान हलवतं. "मग उद्या काय आणशील?" असं विचारायचं. उत्तर पाटी आलं तर तिथल्या तिथे कळतं.

तिसऱ्या प्रवेशात मैदान येतं. मुलं खरी एकत्र येतात ती इथे, आणि वगळली जातात तीही इथेच. खो-खो मी मुद्दाम निवडला, कारण या खेळात आवाजही आहे आणि स्पर्शही.

(मुलं एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसली आहेत.)

गौरी : मला पण घ्या.

यश : पण तुला खो ऐकू कसा येणार?

गौरी : खो देताना तुम्ही नुसतं ओरडता का?

(यश विचारात पडतो. आदिती येऊन यशच्या पाठीला तळव्याने स्पर्श करते आणि म्हणते, "खो!" यश सवयीने उठून धावतो, मग थांबतो.)

यश : अरेच्चा! हात तर लागतोच.

नियमच तसा आहे. बसलेल्या गड्याला मागून पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी स्पष्ट "खो" म्हणायचं. खेळाच्या घाईत मुलं ओरडतात जोरात आणि हात लावतात निसटता. गौरी संघात आली की हात नीट लावावा लागतो, म्हणजे नियमाप्रमाणे खेळावं लागतं. तिच्यासाठी नियम शिथिल करण्याची गरज नाही. तिला सवलत दिली तर ती संघात असूनही पाहुणीच राहते, आणि हे मुलांना आपल्या आधी कळतं.

खरी अडचण पुढे येते. गौरी छान धावते, पण शिट्टी वाजल्यावर सगळे थांबतात आणि ती धावतच राहते.

सोहम : गौरीला बाईंकडे तोंड करून बसवू या. म्हणजे शिट्टी तोंडाशी गेलेली तिला दिसेल.

आदिती : आणि तिला खो मिळाल्यावर?

सोहम : मग ती धावेल.

आदिती : धावून दुसऱ्याला खो देईल आणि त्याच्या जागेवर बसेल. तो पलीकडे तोंड करून बसला असेल तर?

(सगळे गप्प. गौरी एक हात वर करते.)

गौरी : शिट्टी ऐकू आली की बसलेल्या सगळ्यांनी असा हात वर करायचा. मी कुठेही असले, कुठेही तोंड असलं, तरी कोणाचा ना कोणाचा हात मला दिसेल.

ही सोय गौरीला सुचते, हे मी विचार करून लिहिलं आहे. अशा नाटुकल्यांत उपाय नेहमी बाईंना किंवा एखाद्या समंजस मित्राला सुचतो आणि ती मुलगी आभार मानते. खऱ्या वर्गात आपल्याला काय सोयीचं आहे हे त्या मुलीलाच सगळ्यात आधी ठाऊक असतं. तिला कोणी विचारलेलं नसतं. सोहमचा पहिला उपाय फसलेला दाखवणंही आवश्यक आहे. मुलांना दिसायला हवं की चांगल्या मनाने काढलेली युक्तीसुद्धा मैदानावर तपासून बघावी लागते. तालमीत मुलांना हा भाग प्रत्यक्ष खेळू द्यावा. कोण कोणाच्या जागेवर बसलं हे खडूच्या चौकोनांत बघितलं की आदितीचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

खेळ सुरू होतो. शिट्टी वाजते, हात वर जातात, गौरी थांबते. नाटुकलं इथेच, ऐन खेळात, संपतं. बाईंच्या तोंडी एकच वाक्य आहे, "चला, पुढचा डाव!" शेवटी मुख्याध्यापकांना दोन शब्द बोलायचे असतील तर ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात बोलावेत.

गौरीचं काम कोणी करायचं, हा प्रश्न प्रत्येक शाळेत येतो. वर्गात खरंच कमी ऐकू येणारी मुलगी असेल तर तिला आणि तिच्या घरच्यांना आधी एकट्यात विचारावं. तिला काम करायचं असेल तर उत्तम. नसेल तर आग्रह नको, आणि माईकवर तिचं नाव घेऊन "हे नाटक आपल्या अमुकसाठी" असं तर कधीच म्हणू नये. तिला संवाद तपासायला द्यावेत. "मी असं म्हणणार नाही" असं ती म्हणाली तर ओळ बदलावी. ती यश किंवा सोहम झाली तर आणखी मजा येते. ऐकू येणाऱ्या मुलीने गौरी केली तर तिने आवाज बदलून, बोबडं बोलायचं नाही. तालमीत मुलं हे हौसेने करतात, आणि तिथे पहिल्याच दिवशी थांबवावं लागतं, कारण प्रयोगानंतर शाळाभर तीच नक्कल फिरते. खरं श्रवणयंत्रही घालू नये. एकाच्या कानासाठी बसवलेलं यंत्र दुसऱ्याच्या कानाला अपाय करू शकतं. पुठ्ठ्याचं, ठळक रंगाचं यंत्र करावं, मागच्या रांगेतूनही दिसतं.

प्रयोग ज्यांच्याबद्दल आहे त्यांना तो कळायला हवा. मुलांनी प्रेक्षकांकडे तोंड करून बोलावं, चेहऱ्यावर उजेड पुढून पडावा, मागच्या खिडकीतून नाही. प्रत्येक प्रवेशाची मुख्य ओळ मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून एकाने धरावी. हे वाचणारी मुलं आपल्याला वाटतात त्याहून जास्त निघतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची श्रवणहानी ६० डेसिबलपासून पुढे मोजली जाते. त्याहून कमी हानी असलेल्या मुलाला या व्याख्येत जागा नाही, बहुतेक वेळा त्याच्याकडे यंत्रही नसतं. सर्दीने कान गच्च झालेली, कान वाहणारी मुलं पावसाळ्यात प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांचं ऐकणं आठवड्याला कमी-जास्त होतं. प्रयोगानंतर एखादा मुलगा बाईंजवळ येऊन "मला पण असंच होतं" म्हणाला, तर त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावं. वाहणाऱ्या कानावर उपचार आहेत.

या नाटुकल्याची एक मर्यादाही आहे. यातली गौरी यंत्र लावते आणि मराठी बोलते. वर्गातलं मूल खुणांच्या भाषेत बोलणारं असेल तर नुसतं समोरून बोलून भागणार नाही, बाकीच्या मुलांना त्याची भाषा थोडी तरी यावी लागेल. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे आणि तिची बोटांची मुळाक्षरं दोन हातांनी करतात. मनाने खुणा बनवून मुलांना शिकवू नयेत. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने चित्रफितींचा शब्दकोश केला आहे, त्यातून किंवा शक्य असेल तर एखाद्या कर्णबधिर व्यक्तीकडूनच शिकावं. मग पहिल्या प्रवेशातला आजोबांचा विनोद खुणांनी सांगता येतो, आणि तो न कळलेले प्रेक्षक त्या दिवशी ऐकू येणारे असतात.

प्रयोग जमला की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. आठवड्याने मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात जरा वेळ उभं राहावं. त्या मुलीला मुलं मागून नावाने हाका मारतात की समोर येऊन खांद्याला हात लावतात, ते बघावं. ती "काय?" म्हणाली की पुढे काय होतं ते ऐकावं. "जाऊ दे" अजून ऐकू येत असेल तर सगळं नाटुकलं पुन्हा करायला नको. फक्त पहिला प्रवेश घ्यावा, यावेळी प्रेक्षकांतल्याच चार मुलांना बोलावून, डबे त्यांचे आणि विनोदही त्यांचाच.